ऑक्टोबर फुगला, नोव्हेंबर पडला: यातली खरी वाढ किती?

वाचकाचं पत्र

*मी घर सजवायच्या वस्तू ऑनलाइन विकते. 13 ते 19 ऑक्टोबर 2025 या दिवाळीआधीच्या आठवड्यात 365 ऑर्डर आल्या. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात 207 होत्या. धंदा पाऊणपटीने वाढला असं धरून मी तीन वर्षांच्या कराराने मोठी जागा घ्यायचं आणि पॅकिंगला दोन माणसं कायमची ठेवायचं ठरवत होते. भाऊ म्हणाला, हा सणाचा फुगा आहे, आकडे पडतील. आणि पडलेच! 27 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर फक्त 86 ऑर्डर. गेल्या वर्षी त्या आठवड्यात 199 होत्या. मग आता धंदा निम्म्याहून खाली आला म्हणायचं का? गेल्या वर्षी ऐन गर्दीत माल संपल्यामुळे दोन दिवस ऑर्डर बंद ठेवाव्या लागल्या होत्या, यंदा साठा पुरला. दोन्ही वर्षांचे रोजचे आकडे सोबत पाठवतेय. जागा घेऊ की नको?*

उत्तर

रोजचे आकडे पाठवलेत हे फार चांगलं केलंत. नुसती आठवड्यांची बेरीज आली असती तर मला एवढंच सांगता आलं असतं की थांबा. रोजचे आकडे हाती असल्यामुळे बरंच नेमकं बोलता येईल.

आधी भावाच्या म्हणण्याबद्दल. सण गेला की ऑर्डर पडतात, हे दर वर्षी होतं. त्यामुळे सणानंतरच्या आठवड्याची तुलना सणाआधीच्या आठवड्याशी केली तर धंदा वाढत असो वा आटत असो, उत्तर नेहमी ‘पडला’ असंच येणार. त्या घसरणीवरून वाढ खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. यापुढे जाऊन तुम्ही गेल्या वर्षाशी तुलना केलीत, ती दिशा बरोबरच आहे. माझा प्रश्न ‘त्याच आठवड्यात’ या दोन शब्दांवर आहे. तो आठवडा तोच होता का?

2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 साली 21 ऑक्टोबरला. (काही ठिकाणी दोन्ही वर्षी ते आदल्या दिवशी झालं, हिशेबात फरक पडत नाही, फक्त दोन्ही वर्षांसाठी एकच रीत धरा.) या दोन तारखांमध्ये 354 दिवसांचं अंतर आहे, म्हणजे बारा चांद्रमास. वर्ष 365 दिवसांचं, म्हणून सण अकरा दिवस अलीकडे सरकला. आता तुमचे आठवडे या नजरेने बघा. 2025 मधला 13 ते 19 ऑक्टोबर हा आठवडा सणाच्या दोन दिवस आधी संपतो. खरेदी तेव्हा शिगेला असते. 2024 मधला 14 ते 20 ऑक्टोबर हा आठवडा संपला तेव्हा सणाला अजून बारा दिवस होते आणि गर्दी नुकती जमायला लागली होती. तुम्ही यंदाचं शिखर गेल्या वर्षीच्या चढाशी ताडून पाहिलंत. दोन आठवड्यांनी नेमकं उलटं झालं. यंदा सण होऊन गेला होता, आणि गेल्या वर्षीच्या 28 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर या आठवड्यात सणाआधीचे चार दिवस बसले होते. पहिल्या तुलनेत 76 टक्के वाढ दिसली, दुसरीत 57 टक्के घट. दोन्ही आकडे मुख्यतः पंचांगाचे आहेत, तुमच्या धंद्याचे त्यात थोडेच.

एकाच धंद्यात पंधरवड्याच्या आत प्रचंड वाढ आणि मग प्रचंड घट दिसली, तर सर्वात आधी सण सरकलाय का ते तपासावं. पुढे-मागे अशी जोडी दिसणं ही या चुकीची हमखास खूण आहे. खरी वाढ किंवा खरी पडझड अशी सणाच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट उभी राहत नाही.

मग करायचं काय? आठवडे तारखेने न मोजता सणाच्या दिवसापासून मोजायचे. सणाचा दिवस शून्य धरा. आदल्या दिवशी संपणारे सात दिवस म्हणजे उणे 1 चा आठवडा, त्याआधीचे सात म्हणजे उणे 2, असं मागे जा. सणाच्या दिवसापासून पुढचे सात दिवस हा शून्याचा आठवडा, त्यानंतरचा अधिक 1. यंदाचा उणे 1 म्हणजे 14 ते 20 ऑक्टोबर, गेल्या वर्षीचा म्हणजे 25 ते 31 ऑक्टोबर. हे आठवडे सोमवारी सुरू होत नाहीत म्हणून काहींना खटकतं. 2024 ला शून्याचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, 2025 ला मंगळवारी. पण कुठलेही सलग सात दिवस घेतले तरी त्यात प्रत्येक वार एकदाच येतो, त्यामुळे शनिवार-रविवारचा फरक आपोआप सांभाळला जातो.

स्प्रेडशीटमध्ये हे एका सूत्रात होतं. A स्तंभात तारीख, B मध्ये त्या दिवसाच्या ऑर्डर, F1 मध्ये त्या वर्षीच्या सणाची तारीख आणि E2 पासून खाली आठवड्याचे क्रमांक (-4, -3, -2, -1, 0, 1) लिहा:

```
=SUMIFS(B:B, A:A, ">="&$F$1+7*E2, A:A, "<"&$F$1+7*(E2+1))
```

गेल्या वर्षासाठी F1 मध्ये 1 नोव्हेंबर 2024, यंदासाठी 21 ऑक्टोबर 2025. तुमच्या आकड्यांवर हे लावल्यावर असं चित्र येतं:

| सणापासूनचा आठवडा | 2024 | 2025 |
|---|---|---|
| उणे 4 | 130 | 138 |
| उणे 3 | 180 | 192 |
| उणे 2 | 250 | 262 |
| उणे 1 | 230 | 358 |
| शून्य | 84 | 86 |
| अधिक 1 | 82 | 87 |

76 टक्क्यांची उडी गेली आणि 57 टक्क्यांची घटही गेली. सणाआधीच्या चार आठवड्यांची बेरीज 790 वरून 950 झाली, म्हणजे 20 टक्के वाढ. पण इथेही थांबू नका. एक ओळ बाकीच्यांसारखी नाही. बाकी सगळ्या ओळींत वाढ दोन ते सात टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि उणे 1 मध्ये एकदम 56 टक्के. गेल्या वर्षी गर्दी उणे 2 पर्यंत चढत गेली आणि अगदी शेवटच्या आठवड्यात उतरली, असं तक्ता म्हणतो. सणाच्या मागणीचा आकार असा नसतो.

याचं उत्तर तुम्ही पत्रात जाता जाता लिहून टाकलंय. रोजच्या आकड्यांत 26 आणि 27 ऑक्टोबर 2024 या दोन दिवशी शून्य ऑर्डर आहेत. माल संपला होता, विक्री बंद होती. तेव्हा त्या आठवड्याचे 230 म्हणजे सात दिवसांची मागणी नव्हे, पाच दिवसांची विक्री. विक्रीचा आकडा मागणी आणि साठा या दोहोंतून जे कमी असेल तेच दाखवतो. गेल्या वर्षीचा आकडा साठ्याने अडवला होता. त्याच्याशी तुलना करून आलेल्या वाढीत ‘यंदा माल संपला नाही’ हे यश मिसळलेलं आहे. ते यश आहेच आणि त्याचं श्रेय तुमचंच. पण त्याला ग्राहक वाढले असं म्हणता येत नाही.

बंद दिवसांची भरपाई अंदाजाने करण्याचा मोह होतो: पाच दिवसांची सरासरी 46, म्हणून दोन दिवसांचे 92 मिळवा. मला ती रीत पसंत नाही, कारण सणाआधीच्या आठवड्यात कुठलेही दोन दिवस सारखे नसतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत माल वेळेत पोहोचणार नाही म्हणून ऑर्डर आपसूक कमी होतात. पाच-सहा दिवस आधी त्या सर्वात जास्त असतात. नेमके तेच दिवस तुमचे बंद होते. म्हणून जे दिवस बुडाले त्यांच्याच जागेचे दिवस दुसऱ्या वर्षातूनही वगळा. 26 आणि 27 ऑक्टोबर 2024 हे सणाच्या सहा आणि पाच दिवस आधीचे. यंदा त्या जागी 15 आणि 16 ऑक्टोबर येतात, त्या दोन दिवशी मिळून 118 ऑर्डर आल्या. त्या काढल्या की यंदाच्या उणे 1 मध्ये 240 उरतात, गेल्या वर्षीच्या 230 समोर. चार आठवड्यांची बेरीज 790 विरुद्ध 832. वाढ 5 टक्के.

यात दोन उणिवा आहेत. दोन दिवस काढल्यावर वारांचा समतोल बिघडला: गेल्या वर्षीचे शनिवार-रविवार गेले, यंदाचे बुधवार-गुरुवार. सण इतका जवळ असताना ‘किती दिवस उरले’ याचा जोर वारापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून मी हे चालवून घेतो. आडवेळच्या आठवड्यात घेतलं नसतं. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. त्या दोन दिवशी परत गेलेले काही ग्राहक विक्री सुरू झाल्यावर 28 किंवा 29 तारखेला परत आले असतील. तसं असेल तर गेल्या वर्षीच्या उरलेल्या पाच दिवसांचा आकडा थोडा फुगलेला आहे आणि खरी वाढ 5 टक्क्यांहून जास्त आहे. समजा 30 जण परत आले होते. मग तुलना 760 विरुद्ध 832 अशी होते आणि वाढ साडेनऊ टक्क्यांच्या जवळ जाते. असा एखादा ‘समजा’ घालून उत्तर किती हलतं ते बघून ठेवावं. इथे ते हललं, पण 20 पर्यंतही पोहोचलं नाही.

आता ज्याकडे सणाच्या धांदलीत कुणीच बघत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर जिथे आहे, त्या शांत आठवड्यांकडे येऊ. तुमचा ग्राहकवर्ग खरोखर वाढला असेल तर ते सणाशी संबंध नसलेल्या काळातही दिसायला हवं. तुमच्या आकड्यांतून मी जून-जुलैचे आठ आठवडे घेतले: यंदा 2 जून ते 27 जुलै, गेल्या वर्षी 3 जून ते 28 जुलै. इथे तारीख तीच न धरता बरोबर 364 दिवस मागे गेलोय, म्हणजे सोमवारसमोर सोमवारच येतो. 365 दिवस मागे गेलात तर वार एकाने सरकतो. आठवड्याचे क्रमांक जुळवून तुलना करणाऱ्यांनीही जपायला हवं. सोमवारपासून आठवडा धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत बहुतेक वर्षं 52 आठवड्यांची असतात, पण 2020 हे 53 आठवड्यांचं होतं आणि 2026 ही तसंच आहे. अशा वर्षानंतर क्रमांक जुळले तरी आठवडा एका घराने सरकलेला असतो.

त्या आठ आठवड्यांत गेल्या वर्षी 640 ऑर्डर होत्या, यंदा 672. पुन्हा 5 टक्के. सणानंतरच्या दोन आठवड्यांत, म्हणजे शून्य आणि अधिक 1 मिळून, 166 वरून 173. 4 टक्के. तीन वेगळ्या काळांतून जवळपास एकच आकडा येतो, हे मला सर्वात भरवशाचं वाटतं. सणाची वाढ आणि शांत काळाची वाढ सारखी असेल तर अर्थ सरळ असतो: धंदा थोडा मोठा झाला आणि सणाने त्याला नेहमीच्याच पटीत फुगवलं. याउलट सणाची वाढ 30 टक्के आणि शांत काळाची शून्य असती, तर मी विचारलं असतं की यंदा सणात सवलत मोठी होती का, जाहिरातीवर खर्च वाढवला होता का, एखाद्या नव्या संकेतस्थळावर माल लावला होता का. आणि शांत काळ 30 टक्क्यांनी वाढून सण जागच्या जागी राहिला असता, तर साठा किंवा हात कमी पडले का, हे आधी विचारलं असतं.

पण हे 5 टक्के तरी कितपत पक्के? आठवड्याला सरासरी 80 ऑर्डर येणाऱ्या धंद्यात काहीही न बदलता एखाद्या आठवड्यात 72 येतील, एखाद्यात 88. याचा ढोबळ अंदाज वर्गमुळावरून येतो. 80 चं वर्गमूळ साधारण 9, आणि तीन आठवड्यांतले दोन आठवडे सरासरीच्या खालीवर एवढ्याच अंतरात पडतात. दोन आकड्यांची तुलना करायची असेल तर दोघांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्या. तो झाला फरकातला नेहमीचा हेलकावा. फरक त्याच्या दुप्पट असेल तर तो गंभीरपणे घ्यावा. तुमच्या जून-जुलैच्या बेरजेचं, म्हणजे 1312 चं, वर्गमूळ 36. फरक 32 आहे. तो हेलकाव्यातच बुडतो.

म्हणून तिन्ही काळ एकत्र करू. गेल्या वर्षी 640, 790 आणि 166 मिळून 1596. यंदा 672, 832 आणि 173 मिळून 1677. फरक 81, हेलकावा साधारण 57. फरक हेलकाव्याच्या दीडपटही नाही. याचा अर्थ असा की वाढ झाली असावी, पण ती झालेलीच नाही ही शक्यताही अजून उरते. 81 मध्ये हेलकाव्याची दुप्पट एकदा मिळवून आणि एकदा वजा करून बघितलं तर खरी वाढ उणे 2 टक्के ते 12 टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे. हा पट्टाही थोडा अरुंदच धरा, कारण एखादी घाऊक ऑर्डर, एखाद्या दिवशी चाललेली जाहिरात यांमुळे प्रत्यक्षातले आकडे वर्गमुळाच्या हिशेबापेक्षा जास्त हलतात. गेल्या वर्षीचे काही ग्राहक परतल्याची शक्यता धरली तर पट्टा थोडा वर सरकेल. तरीही 76 त्याच्या जवळपास नाही आणि उणे 57 ही नाही. धंदा बुडत नाहीये, ही काळजी सोडून द्या.

जागेच्या निर्णयाला नेमका एक आकडा लागतच नाही, तिथे हा पट्टा पुरेसा आहे. तीन वर्षांचं भाडं आणि कायमचे पगार बाराही महिने द्यावे लागतात, म्हणून त्यांचा हिशेब शांत आठवड्यांवर बसला पाहिजे. तुमचे शांत आठवडे 80 वरून 84 वर आलेत. तेवढ्यासाठी मोठी जागा नको. तुम्हाला जागा अपुरी वाटली ती उणे 3 ते उणे 1 या तीन आठवड्यांत, आणि ती खरंच अपुरी होती. यंदा त्या आठवड्यांत 192, 262 आणि 358 ऑर्डर गेल्या. ती अडचण खोटी नाही. फक्त ती वर्षातल्या तीन आठवड्यांची आहे, म्हणून उपायही तेवढ्याच मुदतीचा शोधा: उणे 5 पासून शून्यापर्यंत साठा ठेवायला तात्पुरती जागा, आणि पॅकिंगला त्याच काळापुरते दोन-तीन हात. भावाचा ‘फुगा’ हा शब्द मला इथे पटत नाही. दर वर्षी ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पटीत येणारी मागणी ही भरवशाची मिळकत आहे. गेल्या वर्षी दोन दिवस तिला माल पुरला नाही. यंदा त्याच जागेच्या दोन दिवशी 118 ऑर्डर आल्या, त्यावरून तेव्हा काय हातचं गेलं असेल याचा अंदाज करा. साठा वेळेत भरण्यावर केलेला खर्च तुमच्याकडे मोठ्या जागेपेक्षा जास्त फळ देतो, हे तुमचेच आकडे सांगताहेत.

आणखी एक गोष्ट तपासाल, अशी विनंती. तुमच्या यादीत रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डर आहेत की नाहीत, ते मला कळलं नाही. गेल्या वर्षीचे परतावे कधीच जमा होऊन वजा झालेत. यंदाच्या सणाचे परतावे अजून येत असतील. एका वर्षाचा आकडा परतावे वजा करून आणि दुसऱ्याचा न करता घेतला, तर यंदाचं वर्ष उगाच सरस दिसतं. दोन्हीकडे आलेल्या सगळ्या ऑर्डर मोजा, नाहीतर दोन्हीकडे ऑर्डर येऊन एक महिना झाल्यावर उरलेल्या मोजा. दुसरी रीत जास्त खरी. तिच्यासाठी नोव्हेंबर संपेपर्यंत थांबावं लागेल. तसंच सरासरी ऑर्डरची रक्कम बदलली असेल तर रकमेचा तक्ता वेगळा करा, पण त्यात भाववाढ शिरते. म्हणून वाढ ओळखायला मी आधी ऑर्डरची संख्या बघतो.

जागेचा विषय पुन्हा केव्हा काढायचा, तेही आताच ठरवून ठेवा, म्हणजे पुढच्या एखाद्या चांगल्या आठवड्याने मन हलणार नाही. तुमच्या आकारमानाच्या धंद्यात आठ शांत आठवड्यांच्या तुलनेतून साधारण 11 टक्क्यांहून मोठी वाढच खात्रीने दिसू शकते. त्याहून लहान वाढ हेलकाव्यात लपते. सव्वीस आठवडे जमवले तर 6 टक्क्यांपर्यंतची वाढ दिसू लागते. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी 2026 चे आठ आठवडे 364 दिवस मागच्यांशी ताडून बघा. बेरीज 11 टक्क्यांहून जास्त निघाली आणि त्या काळात जाहिरात किंवा सवलत वाढवलेली नसली, तर मालकाशी बोलणी सुरू करायला माझी हरकत नाही. कमी निघाली तर जून-जुलैपर्यंत वाट पाहा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी एक सूचना: शून्याचा दिवस कुठला ते तुमचे ग्राहक ठरवतात. ज्यांची विक्री ईदला वाढते त्यांचा सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडेच सरकत राहतो, कारण त्या पंचांगात अधिक महिना नाही. ईस्टर 2024 साली 31 मार्चला होता आणि 2025 साली 20 एप्रिलला, म्हणजे दोन वेगळ्या महिन्यांत आणि दोन वेगळ्या तिमाहींतही. तिथे तिमाहीची तुलनासुद्धा फसते. नाताळची तारीख हलत नाही, फक्त वार बदलतो, त्यामुळे तिथे हे काम सोपं आहे. आणि ज्यांच्या विक्रीत चांद्र आणि सौर असे दोन्ही सण मोठे आहेत त्यांनी दोन स्वतंत्र तक्ते करावेत, एका शून्याभोवती दोन्ही बसवू नयेत.

पुढच्या वर्षी तुमच्या तक्त्याची कसोटी उलट्या बाजूने लागेल. 2026 मध्ये मे-जूनच्या दरम्यान अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, यंदाच्या तारखेपासून 383 दिवसांनी. तारखेने तुलना केलीत तर 2026 चा ऑक्टोबर भयंकर पडलेला दिसेल आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा कित्येक पटींनी वाढलेला. F1 मध्ये 8 नोव्हेंबर 2026 आत्ताच लिहून ठेवा. आणि शेजारी एक रिकामा स्तंभ ठेवा: कुठल्या दिवशी माल संपला, कधी सवलत लावली, कधी संकेतस्थळ बंद पडलं, ते त्या त्या दिवशीच लिहायला. गेल्या वर्षीचे ते दोन दिवस तुम्हाला आठवले म्हणून 20 चे 5 झाले. 2024 च्या इतर कुठल्या दिवसांबद्दल असं काही आठवत असेल तर तेही आता भरून टाका.